दोन फ्लिप-फ्लॉपमध्ये मावणारा शोध

दोन टेलिफोन एक्स्चेंज जोडणाऱ्या ई-१ वाहिनीवरून सेकंदाला २०,४८,००० बिट धावतात. या प्रवाहात फ्रेम कुठून सुरू होते हे पलीकडच्या टोकाला कळावे, म्हणून एकाआड एक फ्रेमच्या पहिल्या खणात ००११०११ हा ठरलेला क्रम पाठवलेला असतो. तो पकडणारा परिपथ कसा रचतात हे समजायला सात बिटांची गरज नाही. १०११ हा चार बिटांचा क्रम पुरेसा आहे.

पहिला सुचणारा मार्ग म्हणजे शेवटचे तीन बिट तीन फ्लिप-फ्लॉपमध्ये साठवायचे आणि चौथा आला की चारही एकदम तपासायचे. पण त्या तीन बिटांमधली बरीच माहिती निरुपयोगी असते. आधी ००० आले काय किंवा १०० आले काय, शोध शून्यावरच असतो. परिपथाला एवढेच लक्षात ठेवायचे असते की १०११ चा किती भाग आतापर्यंत जुळला. या ‘किती’ला चारच उत्तरे आहेत: काहीच नाही, १, १० किंवा १०१. या चार अवस्थांना क, ख, ग, घ म्हणू. चार अवस्थांना दोन फ्लिप-फ्लॉप पुरतात.

आता अवस्थांची वर्तुळे काढून त्यांमध्ये बाण जोडायचे. प्रत्येक वर्तुळातून दोन बाण निघतात, एक ० साठी आणि एक १ साठी. जुळणारा बिट आला की पुढे सरकायचे, हे सोपे. कस लागतो तो न जुळणाऱ्या बिटाच्या वेळी. ‘घ’मध्ये, म्हणजे १०१ नंतर, ० आला तर सगळे फिसकटले असे वाटते आणि बाण ‘क’कडे काढला जातो. पण १०१० मधले शेवटचे १० हे नव्या १०११ ची सुरुवात असू शकतात, म्हणून बाण ‘ग’कडे जायला हवा. ही चूक १०१०११ हा क्रम देऊन लगेच उघडी पडते: बरोबर परिपथ शेवटच्या बिटाला इशारा देतो, चुकीचा गप्प राहतो. तसेच ‘घ’मध्ये १ आला की इशारा द्यायचा आणि ‘ख’मध्ये जायचे, कारण तो शेवटचा १ पुढच्या क्रमाचा पहिलाही असू शकतो. त्यामुळे १०११०११ मध्ये दोन इशारे मिळतात.

पुढची पायरी अवस्थांना आकडे देण्याची. क = ००, ख = ०१, ग = १०, घ = ११. डावा आकडा Q1 या फ्लिप-फ्लॉपमध्ये, उजवा Q0 मध्ये आणि येणारा बिट X. आकृतीतले आठ बाण आता एका तक्त्यात उतरतात. शेवटच्या दोन रकान्यांत पुढची अवस्था आहे.

```
Q1 Q0 | X=0 | X=1
 0  0 |  00 |  01
 0  1 |  10 |  01
 1  0 |  00 |  11
 1  1 |  10 |  01
```

डी प्रकारचा फ्लिप-फ्लॉप क्लॉकच्या ठोक्याला इनपुटवर असलेली किंमत साठवून घेतो. म्हणजे पुढच्या अवस्थेचा डावा आकडा हेच D1 आणि उजवा हेच D0. जेकेसारख्या प्रकारात इथे आणखी एक तक्ता मांडावा लागतो. डीच्या बाबतीत थेट समीकरणे लिहिता येतात (शेजारचे ' चिन्ह म्हणजे उलट किंमत):

```
D0 = X
D1 = Q0·X' + Q1·Q0'·X
Z  = Q1·Q0·X
```

D0 ला एकही गेट लागत नाही, येणारी तार सरळ जोडायची. म्हणजे Q0 मागचा बिट जसाच्या तसा जपतो. त्याआधीच्या इतिहासातले कामाचे तेवढे Q1 एकट्याने सांभाळतो. दोन डी फ्लिप-फ्लॉप ७४७४ या एकाच चिपमध्ये मिळतात.

इशारा देणारा Z मात्र X वर थेट अवलंबून आहे. दोन ठोक्यांच्या मध्ये X डळमळला तर Z ही क्षणभर उसळतो. बेल लॅब्जमधल्या जॉर्ज मीली यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा हा स्वभाव आहे, म्हणून Z ची किंमत क्लॉकच्या ठोक्यालाच वाचायची. एडवर्ड मूर यांच्या १९५६ च्या पद्धतीत इशारा फक्त अवस्थेवरून ठरतो. तिथे ‘क्रम सापडला’ ही पाचवी अवस्था लागते, त्यासाठी तिसरा फ्लिप-फ्लॉप येतो आणि इशारा ठोक्यानंतर मिळतो.

वीज सुरू होताना फ्लिप-फ्लॉप कोणत्या अवस्थेत जागे होतील याचा नेम नसतो. ते ‘घ’मध्ये जागे झाले आणि पहिलाच बिट १ आला, तर काही न जुळताच इशारा मिळेल. म्हणून ७४७४ च्या क्लिअर पिनवर सुरुवातीला थोडा वेळ ० देऊन दोन्ही फ्लिप-फ्लॉप ‘क’वर आणतात आणि मगच बिटांचा प्रवाह आत सोडतात.