चौतीस मिनिटं जातात कुठे?

ॲपवर एखादं हॉटेल उघडलं की नावाखाली लगेच आकडा दिसतो: ३५ ते ४० मिनिटं. तुम्ही अजून काही मागवलेलं नसतं, आचाऱ्याने कढई चढवलेली नसते, पार्सल कोण आणणार हेही ठरलेलं नसतं. तरी आकडा तयार असतो. बहुतेकांना वाटतं की तो रायडरच्या गाडीच्या वेगावर ठरतो. उशीर झाला की आपण रागावतोही त्याच्यावरच. पण हिशोब मांडून पाहिला की या सगळ्या प्रकरणात वेगाचा वाटा फार थोडा निघतो.

डोंबिवलीचं उदाहरण घेऊ. हॉटेल पूर्वेला फडके रोडवर आणि गिऱ्हाईक पश्चिमेला दीनदयाळ रोडवर. नकाशावर सरळ रेघ मारली तर हे अंतर एक किलोमीटर धरू. 'हॉटेलपासून इतक्या किलोमीटरच्या आतली घरं' असं साधं वर्तुळ काढणारं ॲप या गिऱ्हाइकाला अगदी शेजारचं समजेल. पण मधून रेल्वेचे रूळ जातात. पायी माणूस स्टेशनच्या पुलावरून पलीकडे जातो, दुचाकीला मात्र वळसा घालून उड्डाणपूल गाठावा लागतो. रस्त्याने तेच अंतर तीन किलोमीटर भरतं असं समजा. संध्याकाळच्या गर्दीत, सिग्नल आणि खड्डे धरून, दुचाकीचा सरासरी वेग तासाला १८ किलोमीटर मानला तर तीन किलोमीटरला दहा मिनिटं लागतात आणि एक किलोमीटरला सव्वातीनहून किंचित जास्त. म्हणजे वर्तुळावर विसंबलेला अंदाज इथेच जवळपास सात मिनिटांनी चुकला. म्हणून चांगली ॲपं वर्तुळाचा उपयोग फक्त चाळणीसारखा करतात आणि वेळ काढताना रस्त्याचं अंतर घेतात.

आता ऑर्डर देऊ: एक व्हेज बिर्याणी, एक पनीर टिक्का. हॉटेलने ती स्वीकारायला एक मिनिट, किचनला १७ मिनिटं. पार्सल तपासून, ऑर्डरचा नंबर जुळवून, पिशवीत ठेवून गाडी काढेपर्यंत दोन मिनिटं. रस्त्यावर दहा. शेवटी सोसायटीच्या गेटवर वहीत नाव लिहिणं, विंग शोधणं, लिफ्टची वाट बघणं यात चार. बेरीज ३४.

या बेरजेत रायडर हॉटेलपर्यंत आला त्याचा वेळ नाही, कारण तो किचनच्या १७ मिनिटांच्या पोटात बसतो. दोन्ही कामं एकाच वेळी चालतात आणि ज्याला जास्त वेळ लागतो तेच मोजायचं. रायडर चार मिनिटांवर असेल तर त्याला लगेच बोलवण्यात अर्थ नाही. तो तेरा मिनिटं हॉटेलच्या दारात तिष्ठत बसेल. त्याला पैसे मुख्यतः पोचवलेल्या ऑर्डरचे मिळतात, त्यामुळे तो वेळ त्याच्याच खिशातून जातो. उशिरा बोलवलं तर बिर्याणी काउंटरवर निवते. म्हणून किचनचा अंदाज घेऊन, पार्सल तयार व्हायच्या बेतालाच तो दारात पोचेल अशा हिशोबाने ऑर्डर त्याला दिली जाते.

म्हणजे सगळा डोलारा किचनच्या आकड्यावर उभा, आणि नेमका तोच आकडा सगळ्यात कच्चा असतो. दुपारी चारला सात मिनिटांत होणारी प्लेट रात्री साडेआठला वीस मिनिटं घेते. ॲपला आपल्या ऑर्डरी दिसतात. दुसऱ्या ॲपवरून आलेल्या दिसत नाहीत, आणि आत भरलेली टेबलं तर मुळीच नाहीत. 'तयार' असं कळवायचं बटण हॉटेलकडे असतं, पण गर्दीत ते कुणी उशिरा दाबतं, तर कुणी मुद्दाम आधीच, रायडर लवकर यावा म्हणून. जीपीएसवरून रायडर दारात किती वेळ थांबला हे कळतं, त्यावरून ॲप उलटा अंदाज बांधतं. त्यातही एक खोच आहे. रायडर पोचला तेव्हा पिशवी बांधून तयारच असेल, तर ती बाराव्या मिनिटाला तयार झाली की सोळाव्या, हे कळायला मार्ग नाही. फक्त 'त्याच्या आधी कधीतरी' एवढंच हाती लागतं. अशा नोंदी साध्या सरासरीत मिसळल्या की अंदाज हमखास वाकडा जातो.

बरं, ३४ हा आकडा अगदी बरोबर निघाला तरी तो जसाच्या तसा दाखवता येत नाही. अशाच शंभर ऑर्डरींत निम्म्या ३४ मिनिटांच्या आत येत असतील, तर उरलेल्या निम्म्या उशिरा येणार, म्हणजे दर दुसरं गिऱ्हाईक कुरकुरणार. म्हणून शंभरांतल्या नव्वद ज्या वेळेत पोचतील तो आकडा, समजा ४०, सांगणं शहाणपणाचं. फार सावध होऊन ५५ सांगितलं तर माणूस ते हॉटेल सोडून पुढे जातो. किती वेळा खोटं ठरायची आपली तयारी आहे, हा धंद्याचा निर्णय असतो. गणित फक्त त्याची किंमत सांगतं.

आता वेगाकडे येऊ. रायडरने जिवावर उदार होऊन सरासरी १८ वरून २४ वर नेली, म्हणजे तब्बल एक तृतीयांशाने वाढवली, तर तीन किलोमीटरला साडेसात मिनिटं लागतील. वाचली अडीच मिनिटं. ३४ मधून अडीच! मग दहा मिनिटांत जेवण आणून देण्याची भाषा कशाच्या जोरावर होते? स्विगीने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'बोल्ट' सुरू केलं ते ठरावीक हॉटेलांपुरतं, दोन किलोमीटरच्या आत आणि ज्यांना तयारी फार लागत नाही अशा पदार्थांसाठी. त्रिज्या आवळली, मेन्यू छाटला. मिनिटं तिथे वाचली. झोमॅटोने मार्च २०२२ मध्ये दहा मिनिटांची घोषणा केली तेव्हा रायडरच्या जिवाशी खेळ म्हणून टीका झाली. संस्थापक दीपिंदर गोयल यांचं उत्तर होतं की दिलेल्या वेळेची माहिती रायडरला दिली जात नाही आणि उशीर झाला तर दंडही नाही. उत्तर गणिताला धरून आहे, पण पुरेसं नाही. पैसे ऑर्डरमागे मिळत असतील तर घाई करायला घड्याळ दाखवावं लागत नाही.

पावसाळ्यातही ॲप हात घालतं तो त्रिज्येलाच. रायडर कमी, रस्ते तुंबलेले. अशा वेळी चार किलोमीटरची हद्द तीनवर आणली की क्षेत्रफळ निम्म्याहून थोडंच जास्त उरतं, कारण ते त्रिज्येच्या वर्गाने घटतं. धो-धो पावसात तुमचं आवडतं हॉटेल यादीतून अचानक गायब होतं, तेव्हा ते बंदच असेल असं नाही. तुम्ही वर्तुळाबाहेर गेलेले असता.

गिऱ्हाइकाच्या हातात यातली एकच गोष्ट आहे: शेवटची चार मिनिटं. रायडर वेगात गाडी मारून जेवढं वाचवतो त्याहून ती जास्त आहेत. पत्त्याची खूण मागच्या भिंतीवर नाही, खऱ्या गेटवर लावा. विंग आणि मजला लिहा. आणि जमत असेल तर पार्सल घ्यायला खाली या.