कोपऱ्यावरच जायचंय? तरीही हेल्मेट!

डेन्मार्कच्या रस्ता सुरक्षा परिषदेने २०२१ साली सायकलस्वारांसाठी एक जाहिरात काढली. स्वारीवर निघालेला एक व्हायकिंग सरदार शिरस्त्राण घालायला तयार नसतो. टोचतं, केसांची वाट लागते, अशी त्याची कुरकुर चालू असते. जाहिरातीत ना रक्त, ना रुग्णवाहिका. आपलीच सबब त्या दाढीवाल्याच्या तोंडून ऐकताना हसू येतं.

मराठी मथळा लिहिणाऱ्यालाही इथूनच सुरुवात करता येते. आधी सबब पकडायची. पुण्यात हेल्मेटसक्तीविरोधात वर्षानुवर्षे आंदोलने झाली, तेव्हा गरम होतं, मान दुखते, शहरात वेग असतोच कुठे, ही कारणं जाहीरपणे मांडली गेली. प्रत्येक कारणाला वेगळं उत्तर लागतं, म्हणून एका मथळ्यात एकच घ्यावं.

समजा, ‘जवळच तर जायचंय’ ही सबब घेतली. ‘निष्काळजीपणा जिवावर बेतेल’ हा पहिला सुचणारा मथळा. दूध आणायला निघालेला माणूस स्वतःला निष्काळजी समजतच नाही. तो पान उलटतो. ‘सुरक्षित राहा, हेल्मेट वापरा’ यात भीती नाही, पण पकडही नाही. ‘दूध आणायला निघालात? किल्लीबरोबर हेल्मेटही घ्या’ यात मात्र वेळ, जागा आणि कृती तिन्ही आहेत. हेल्मेट किल्लीच्या खुंटीशेजारी ठेवायचं, हे वाचणाऱ्याला न सांगता कळतं.

‘दंड वाचवा’ हा मथळा सोपा वाटतो. कायद्याने हजार रुपये दंड आहेही. पण दंड चुकवण्यापुरतं हेल्मेट पोलीस दिसला की डोक्यावर चढतं आणि चौक ओलांडला की कोपरात अडकतं. पट्टा तर लोंबतच असतो. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर दबून धक्का झेलतो, पण त्यासाठी आपटण्याच्या क्षणी हेल्मेट डोक्यावर असावं लागतं. पट्टा मोकळा असेल तर ते आधीच उडून जाऊ शकतं. त्यामुळे ‘टक् आवाज आला का?’ हा चारच शब्दांचा मथळा पट्ट्याच्या चापाकडे लक्ष वेधतो आणि सिग्नलला थांबलेल्या माणसाचा वाचूनही होतो.

मागे बसणाऱ्यांसाठी ‘हेल्मेट एक, डोकी दोन?’ हा मथळा चालेल. केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये हेल्मेट नसलेल्या ५०,०२९ जणांचा अपघातात मृत्यू झाला. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. हा आकडा मथळ्यात घेतला तर पुन्हा भीतीच पुढे येते. त्याची जागा मजकुरात.

खोटं आश्वासनही टाळावं. ‘हेल्मेट घाला, अपघात टाळा’ हे चूकच आहे, कारण हेल्मेटने अपघात टळत नाही, डोक्याची इजा कमी होते. मोटारसायकलस्वारांवरील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी, तर मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो. छापण्याआधी मथळा एखाद्या दुचाकीस्वाराला वाचून दाखवावा आणि ‘मग आता काय करणार?’ एवढंच विचारावं. ‘जपून चालवेन’ असं उत्तर आलं, तर मथळा पुन्हा लिहायला घ्यावा.