चिनी सूत्रपोथ्यांवरील जपानी वाचनचिन्हें

नारा येथील साइदाइजी मठाची सुवर्णप्रभासोत्तमसूत्राची एक दहा गुंडाळ्यांची चिनी पोथी प्रसिद्ध आहे. मूळ संस्कृतावरून इत्सिंगानें इ. स. ७०३ मध्यें केलेलें भाषांतर तींत असून ती इ. स. ७६२ मध्यें लिहिली गेली. तिच्या काळ्या अक्षरांभोंवतीं पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके व रेघा दिसतात. हीं चिन्हें मूळ लेखकाचीं नव्हेत. तीं सुमारें इ. स. ८३० च्या वेळचीं आहेत. कासुगा मासाजी या पंडितानें त्यांवरून सबंध जपानी पाठ जुळवून इ. स. १९४२ मध्यें प्रसिद्ध केला. ठिपक्यांवरून पाठ कसा जुळतो, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

चिनी भाषेंत क्रियापद आधीं व कर्म मागून येतें. जपानींत, मराठीप्रमाणेंच, कर्म आधीं व क्रियापद शेवटीं. शिवाय चिनी शब्दांस विभक्तिप्रत्यय नाहींत. संस्कृत श्लोकांतील पदें कशींहि विखुरलेलीं असोत, विभक्तीवरून आपण अन्वय लावतों; चिनींत मात्र पदांचा क्रम हाच मुख्य आधार. म्हणून जपानी भिक्षूंना दोन गोष्टी कराव्या लागल्या: पदांचा क्रम फिरवावयाचा व प्रत्यय पुरवावयाचे. मूळ अक्षर मात्र जागचें हलवावयाचें नाहीं, कारण तें बुद्धवचन.

प्रथम क्रमाचीं चिन्हें पाहूं. तीं आरंभीं निरनिराळ्या तऱ्हेचीं होतीं. पुढें रूढ झालेली पद्धति अशी. लेखन उभें असल्यानें चिन्ह अक्षराच्या खालीं डावीकडे घालतात. दोन लगतच्या अक्षरांमध्यें आंकडी असली, तर खालचें आधीं वाचून वरचें मागून वाचावें. उडी याहून लांब असेल, तर १ व २ हे अंक घालतात: २ चें अक्षर सोडून पुढें जावें, १ चें वाचून झालें कीं मागें वळून २ चें वाचावें. या जोडीस पोटांत घेणारी आणखी मोठी उडी असेल, तर तिला 'वर' व 'खालीं' या अर्थाचीं अक्षरें लावतात. हे आपल्या कंसांतील कंसच होत.

उदाहरणार्थ चार अक्षरें घेऊं: पाहणें – उपदेशिणें – धर्म – जन. 'पाहणें' यास २, 'उपदेशिणें' व 'धर्म' यांमध्यें आंकडी आणि 'जन' यास १ दिला, तर क्रम होतो: धर्म, उपदेशिणें, जन, पाहणें, म्हणजे 'धर्म उपदेशिणाऱ्या जनास पाहतो'. आतां आंकडी तशीच ठेवून १ चा अंक 'जन' वरून काढून 'उपदेशिणें' यास द्यावा. क्रम होतो: धर्म, उपदेशिणें, पाहणें, जन; म्हणजे 'धर्मोपदेश पाहणारा जन'. अक्षरें तींच व तितकींच. पण पहिल्या वाचनांत उपदेशक दिसतो, दुसऱ्यांत श्रोता. एका अंकाची जागा बदलतांच कर्म बदललें. यास्तव हीं चिन्हें केवळ विद्यार्थ्यांची सोय नसून अल्पाक्षरी टीकाच होत.

प्रत्ययांचें काम ठिपके करितात. अक्षर हा चौकोन कल्पून त्याच्या कोपऱ्यांवर व बाजूंवर ठिपका देतात. जागेवरून प्रत्यय ओळखावयाचा. पुढें दरबारी पंडितांत रूढ झालेल्या एका पद्धतींत डाव्या खालच्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरत गेल्यास ते, नि, ओ, वा असे चार प्रत्यय येतात. त्यांतील 'ओ' कर्माचा प्रत्यय असून त्याची जागा उजवा वरचा कोपरा. त्याच्या खालचा ठिपका 'कोतो', म्हणजे 'गोष्ट', म्हणून या ठिपक्यांस 'ओकोतो-तेन' असें नांव पडलें.

येथेंच वाचकाची फसगत होते. निरनिराळ्या मठांच्या व पंडितकुलांच्या पद्धती भिन्न आहेत. एकीकडे कर्म दाखविणारी जागा दुसरीकडे भलताच प्रत्यय दाखविते. चुकीची किल्ली लावली, तर क्रियापदास कर्माचा प्रत्यय लागूं लागतो, व त्यावरून चूक कळते. पोथींत कोठें कोठें बाजूस जपानी वर्णहि लिहिलेले असतात. ते व शेजारचे ठिपके ताडून पाहून खरी किल्ली निश्चित करितां येते.

संग्राहकांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पोथीचा काळ व चिन्हांचा काळ एक मानूं नये. साइदाइजीच्या पोथींत सुमारें सत्तर वर्षांचें अंतर आहे. शिवाय जुन्या पोथीवरील चिन्हें नव्या पोथीवर उतरून घेण्याची चाल होती, म्हणून चिन्हांतील भाषा तीं घालणाऱ्या हाताहून जुनी असूं शकते. दुसरें असें कीं, पांढरा रंग फिका होतो व झडतो. पोथी पुसतांना तो मळ समजून काढला, तर वाचनच नष्ट होतें. कांहीं चिन्हें तर शाईवांचून, टोंकदार लेखणीनें कागदावर दाबून केलेलीं असतात. कोबायाशी योशिनोरी यांच्या दृष्टीस तीं इ. स. १९६१ मध्यें पडलीं, व इ. स. २००० मध्यें तशींच चिन्हें कोरियांतील जुन्या सूत्रपोथ्यांतहि सांपडलीं. समोरच्या उजेडांत असा कागद कोरा दिसतो. तो तिरक्या उजेडांत धरून पाहिल्यावांचून चिन्हरहित म्हणून बाजूस ठेवूं नये.