नावातून उलगडणारा मित्र

मित्राच्या नावातल्या एकेका अक्षराने ओळ सुरू करून वाढदिवसाची कविता रचायची, तर आधी आठवणी लिहाव्यात; अक्षरं नंतर जुळवावीत. 'समीर'साठी 'सदा सुखी राहा' चटकन सुचतं, पण ही ओळ कोणालाही चालते, म्हणून ती भरतीची. त्याऐवजी:

सहाला टेकडीवर ओढून नेणारा तू,
मीठ विसरलेल्या पोह्यांनाही दाद देणारा,
रडू आलं की आधी चहा टाकणारा.

शब्द अडला, तर आठवण तीच ठेवून वाक्य फिरवावं. शेवटची ओळ 'चहा'नेही सुरू झाली असती; 'रडू' पुढे आणल्यावर 'र' साधला. 'मृणाल'मधल्या 'णा'ने मात्र मराठी शब्द सहसा सुरू होत नाही. तिथे ते अक्षर ओळीच्या मध्ये आणून ठळक लिहावं.