चार रंगांचं सर्किट

शेजारच्या दहावीतल्या मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी ब्रेडबोर्डवर एक सर्किट जोडलं होतं. नऊ व्होल्टची बॅटरी, एक स्विच, 470 ओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी. आकृतीबरहुकूम सगळं होतं, पण एलईडी काही पेटेना. "काका, आकृतीच चुकलीय बहुतेक," ती म्हणाली. मी तिला घरातून रंगीत पेन्सिली आणायला सांगितलं.

आधी चिन्हं पाहिली. दोन समांतर रेघांची बॅटरी तिला माहीत होती: लांब रेघ धन, आखूड रेघ ऋण. रेघेत उघडझाप करणारी फट म्हणजे स्विच. नागमोडी रेघ म्हणजे रेझिस्टर. काही पुस्तकांत त्याच्या जागी लांबट चौकोन असतो, अर्थ तोच. एलईडी म्हणजे त्रिकोण, त्याच्या टोकाला आडवी रेघ आणि बाहेर पडणारे दोन बाण. ते बाण प्रकाशाचे. प्रवाहाची दिशा त्रिकोणाचं टोक दाखवतं. प्रवाह आडव्या रेघेकडे जातो, उलट येत नाही. खऱ्या एलईडीचा लांब पाय त्रिकोणाच्या रुंद बाजूचा असतो.

प्रवाह धनाकडून ऋणाकडे जातो असं आकृतीत धरतात, इलेक्ट्रॉन मात्र उलटे जातात. दिशेचा संकेत अठराव्या शतकातला आणि इलेक्ट्रॉन सापडला 1897 साली, त्यामुळे ही विसंगती कायमची गळ्यात पडली. आकृती वाचताना ती खुशाल विसरावी.

खरी मेख साध्या सरळ रेघेत आहे. मुलांना वाटतं, रेघ म्हणजे वायर. पण आकृतीतल्या रेघेला लांबी नसते. ती एवढंच सांगते की तिच्यावरच्या सगळ्या जागी व्होल्टेज सारखंच आहे. म्हणून एका भागापासून पुढच्या भागापर्यंतची अख्खी रेघ, वळणांसकट, एकाच रंगाने रंगवायची. बॅटरीच्या धन टोकापासून स्विचपर्यंत लाल, स्विचपासून रेझिस्टरपर्यंत पिवळा, रेझिस्टरपासून एलईडीपर्यंत हिरवा, एलईडीपासून परत बॅटरीपर्यंत काळा. स्विच, रेझिस्टर, एलईडी यांनी रंग बदलतो, रेघेने बदलत नाही.

आता रंगांना आकडे द्यायचे. काळा शून्य, लाल नऊ. स्विच चालू असला की पिवळाही नऊच. लाल एलईडी पेटलेला असताना स्वतःवर साधारण दोन व्होल्ट ठेवतो, म्हणजे हिरवा दोन. उरलेले सात रेझिस्टरच्या दोन टोकांत. सात भागिले 470 म्हणजे सुमारे 15 मिलिअँपिअर. वाट एकच असल्याने चारही भागांतून एवढाच प्रवाह जातो.

तिने लगेच विचारलं, "पण रेझिस्टर एलईडीच्या आधीच लागतो ना? नाहीतर प्रवाह आधी एलईडीत घुसून त्याला जाळेल!" ही समजूत मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकली आहे. तिलाच अदलाबदल करून आकडे टाकायला लावले. एलईडी पुढे आला की तो नऊ आणि सातच्या मध्ये बसतो, रेझिस्टर सात आणि शून्यच्या. एलईडीवर दोनच व्होल्ट, प्रवाह तोच 15. प्रवाह काही टपालासारखा घरोघरी थांबत जात नाही.

मग मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवला, काळी सळई बॅटरीच्या ऋण टोकाला लावली आणि लाल सळई एकेका रंगाच्या जागी टेकवत गेलो. लाल नऊ, पिवळा नऊ, हिरवा... शून्य. दोष सापडायला एवढं पुरे होतं. एलईडी उलटा असता तर प्रवाहच नसता, रेझिस्टरवर काही पडलं नसतं आणि हिरवाही नऊच दिसला असता. शून्याचे अर्थ दोनच: रेझिस्टर नीट जोडलेला नव्हता, नाहीतर हिरवा आणि काळा कुठेतरी एक झाले होते.

ब्रेडबोर्ड जवळ घेऊन पाहिला. त्यावर पाच-पाच छिद्रांची प्रत्येक ओळ आतून पत्र्याने जोडलेली असते, म्हणजे आकृतीच्या भाषेत ती एक ओळ हा एकच रंग. तिने एलईडीचे दोन्ही पाय एकाच ओळीत खोचले होते. प्रवाह वाहत होताच, 19 मिलिअँपिअरच्या आसपास. तो पत्र्यावरून एलईडीला वळसा घालून जात होता. रेझिस्टर नसता तर बॅटरीचं थेट शॉर्ट सर्किट झालं असतं आणि ती तापली असती.

एलईडीचा आखूड पाय आणि बॅटरीच्या ऋण टोकाकडची वायर शेजारच्या ओळीत नेली आणि एलईडी पेटला. तिने हिरवी जागा पुन्हा मोजली: 1.9 व्होल्ट.

घरी करून पाहणार असाल तर एवढं पाळा: सळया टेकवण्याचा हा खेळ नऊ व्होल्टच्या बॅटरीवरच करायचा, भिंतीतल्या 230 व्होल्टच्या सॉकेटवर कधीही नाही.