न आलेल्या नोटांचा हिशेब

एटीएममधून पैसे काढताना खात्यातली नोंद आधी होते आणि नोटा नंतर बाहेर येतात. कार्ड घातले, पिन दिला, रक्कम टाकली की यंत्र कार्ड देणाऱ्या बँकेला विचारणा करते. यंत्र दुसऱ्या बँकेचे असेल तर ही विचारणा नॅशनल फायनान्शियल स्विच या जाळ्यातून जाते. ते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवते. ग्राहकाची बँक पिन, शिल्लक आणि दिवसाची मर्यादा तपासते, खात्यातून रक्कम वजा करते आणि होकार पाठवते. तो होकार मिळाल्यावरच यंत्र आतल्या कॅसेटमधून नोटा उचलायला लागते. ‘पैसे कट झाले, पण आलेच नाहीत’ ही तक्रार या दोन टप्प्यांमधल्या काही सेकंदांत जन्माला येते.

तेवढ्या वेळात बिघडण्यासारखे बरेच असते. जुनी नोट रोलरमध्ये अडकते, दोन नोटा चिकटून येतात, मोजणारा सेन्सर गोंधळतो आणि सगळा गठ्ठा नाकारलेल्या नोटांच्या कप्प्यात टाकून देतो, शटर उघडत नाही, वीज जाते किंवा नेटवर्क तुटते. आपल्याकडून नोटा दिल्या गेल्या नाहीत हे यंत्राच्या लक्षात आले तर ते बँकेला उलटा संदेश पाठवते. त्याला रिव्हर्सल म्हणतात. बहुतेक वेळा तो काही मिनिटांत पोहोचतो आणि रक्कम जमा झाल्याचा दुसरा एसएमएस येतो. हा संदेश वाटेत हरवला, किंवा नोटा गेल्या की नाही याची यंत्रालाच खात्री नसली, तर प्रकरण माणसांच्या हाती जाते.

मग जुळवणी सुरू होते. यंत्र प्रत्येक व्यवहाराची पायरीपायरीने नोंद ठेवते. तिला इलेक्ट्रॉनिक जर्नल किंवा बँकेच्या भाषेत नुसते ‘ईजे’ म्हणतात. होकार कधी आला, कोणत्या कॅसेटमधून किती नोटा उचलल्या, कितींना नकार दिला, शटर उघडले का, हे सगळे तिथे वेळेसह असते. दुसरा पुरावा रोकड मोजणीचा. यंत्रात नोटा भरणारे कर्मचारी ते उघडतात तेव्हा आत उरलेली रोकड आणि यंत्राचा हिशेब यांचा मेळ घालतात. हिशेबापेक्षा दहा हजार रुपये जास्त निघाले आणि त्या काळात दहा हजारांचीच एक तक्रार असली, तर वादाला फारशी जागा उरत नाही.

या सगळ्याला किती दिवस लागावेत, याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात आहे. त्याआधी बँकेला तक्रार मिळाल्यापासून कामाचे ७ दिवस मिळत आणि भरपाई हवी तर ग्राहकाने व्यवहारापासून ३० दिवसांत तक्रार केलेली असावी लागे. नव्या नियमाने दोन्ही गोष्टी बदलल्या. आता मोजणी व्यवहाराच्या दिवसापासून होते आणि त्यानंतरच्या ५ दिवसांत बँकेने रक्कम आपणहून परत जमा करायची असते. हे दिवस दिनदर्शिकेचे आहेत. मधला रविवार किंवा बँकेची सुट्टी वगळली जात नाही. मुदत टळली की दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता, थेट खात्यात. गावातल्या बँकमित्राकडच्या मायक्रो एटीएमलाही हाच नियम लागू आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका ग्राहकाने शुक्रवारी, ६ मार्चला संध्याकाळी दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून १०,००० रुपये मागितले. यंत्र घरघरले, पडद्यावर व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही असा संदेश आला, आणि फोनवर १०,००० वजा झाल्याचा एसएमएस. ६ मार्च हा व्यवहाराचा दिवस, म्हणजे शून्य. ७ तारखेपासून मोजले की पाचवा दिवस ११ मार्च. त्या दिवसापर्यंत रक्कम जमा झाली तर भरपाईचा प्रश्नच नाही. ती २० मार्चला जमा झाली, तर उशीर ९ दिवसांचा, म्हणून १०,००० रुपयांबरोबर आणखी ९०० रुपये जमा व्हायला हवेत. पासबुकात ही नोंद वेगळ्या ओळीत दिसते. ती दिसली नाही तर त्याची वेगळी तक्रार करता येते, कारण मूळ रक्कम आली म्हणजे भरपाईही आपोआप आली, असे नेहमीच घडत नाही.

बँकेने आपणहून करायचे आहे म्हणून ग्राहकाने गप्प बसावे, असा मात्र याचा अर्थ नाही. तक्रारीच्या तारखेला पुढे फार किंमत येते. ती कुठे करायची, यात लोक हमखास चुकतात. ज्या बँकेचे एटीएम, तिच्या शाखेत जाऊन भांडण्यात अर्थ नसतो. तिथे ग्राहकाचे खातेच नसते. तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडेच करायची, यंत्र कोणाचेही असो. पुढचा पत्रव्यवहार दोन बँकांनी आपसात करायचा असतो.

वरच्या उदाहरणातल्या ग्राहकाने यंत्रापासून लगेच न हलता दोन-चार मिनिटे थांबावे. काही वेळा नोटा उशिराने येतात आणि मागच्या माणसाच्या हाती पडतात. चिठ्ठी आली असेल तर तिचा तिथेच फोटो काढावा, कारण त्या कागदावरची अक्षरे काही आठवड्यांत उडून जातात. तिच्यावर यंत्राचा क्रमांक, वेळ, संदर्भ क्रमांक आणि बहुधा एखादा नकार-संकेतही असतो. चिठ्ठी आली नाही तर यंत्रावर लावलेला क्रमांक टिपून घ्यावा. मग बँकेच्या ॲपवर, फोनवर किंवा शाखेत तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा. तोंडी ‘बघतो’ म्हणणाऱ्या काउंटरवरून पोच घेतल्याशिवाय उठू नये. तक्रारीत कार्डाचे शेवटचे चार आकडे पुरतात. पिन, ओटीपी किंवा कार्डामागचा तीन आकडी क्रमांक कोणी मागितला तर तो बँकेचा माणूस नाही. यंत्राशेजारी स्टिकरवर लिहिलेला मोबाईल नंबरही फिरवू नये. हेल्पलाइनचा क्रमांक कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो.

गुंता वाढतो तो बँकेचे उत्तर ‘व्यवहार यशस्वी’ असे आले की. यंत्राच्या मालकीची बँक ईजेची नोंद दाखवून दावा फेटाळते आणि ग्राहकाची बँक तेच उत्तर पुढे ढकलते. काही बँका तक्रार येताच रक्कम तात्पुरती जमा करतात. दावा फेटाळला गेला की ती पुन्हा वजा होते. पहिल्या जमेचा एसएमएस पाहून निर्धास्त झालेल्यांना हा दुसरा धक्का असतो. अशा वेळी बँकेला नेमके प्रश्न लेखी विचारावेत. त्या व्यवहाराची ईजे नोंद, त्या दिवसानंतरच्या रोकड मोजणीचा अहवाल आणि त्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रीकरण, या तिन्हींची मागणी करावी. चित्रीकरण कायम ठेवले जात नाही, म्हणून ते जपून ठेवण्याची विनंती पहिल्याच तक्रारीत केलेली बरी. नुसते ‘स्विचच्या नोंदीनुसार यशस्वी’ हे उत्तर अपुरे आहे, कारण स्विचला होकार गेल्याचे कळते. नोटा ग्राहकाच्या हातात पडल्या की नाही, हे त्याला दिसत नाही.

एका प्रकारात मात्र यंत्राची नोंद खरी असते आणि ग्राहकही खरा असतो. चोर शटरच्या तोंडाशी पातळ पट्टी बसवतात, नोटा तिच्यामागे अडकतात, ग्राहक कंटाळून जातो आणि चोर परत येऊन नोटा काढतो. यंत्राच्या लेखी नोटा दिलेल्याच असतात. शटर वेगळे किंवा सैल दिसले, आतून घरघर ऐकू आली पण नोटा आल्या नाहीत, तर यंत्र सोडून जाऊ नये. तिथूनच बँकेला आणि ११२ वर पोलिसांना फोन करावा. या प्रकारात पोलीस तक्रारीची प्रत आणि चित्रीकरण हाच मुख्य आधार ठरतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तक्रार फेटाळली किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची. एकात्मिक लोकपाल योजनेनुसार तक्रार cms.rbi.org.in या संकेतस्थळावर करता येते, फी लागत नाही, वकील लागत नाही. १४४४८ हा माहितीचा क्रमांक आहे. २०२१ च्या योजनेत बँकेच्या उत्तरापासून एक वर्ष, आणि उत्तरच आले नसेल तर बँकेकडे तक्रार केल्यापासून एक वर्ष ३० दिवस, अशी मर्यादा होती. बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल प्रकरण हातीच घेत नाही. सुरुवातीला घेतलेला तक्रार क्रमांक इथे उपयोगी पडतो. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथली मुदत दोन वर्षांची आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात फी नाही. मात्र एकाच प्रकरणासाठी दोन्ही दारे एकाच वेळी ठोठावता येत नाहीत.

दोन बारीक गोष्टी उरतात. तांत्रिक बिघाडाने किंवा यंत्रात नोटाच नसल्याने फसलेला व्यवहार महिन्याच्या मोफत व्यवहारांत धरायचा नाही आणि त्याचे शुल्कही घ्यायचे नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये स्पष्ट केले. म्हणून परत आलेल्या रकमेबरोबर त्या दिवशी वजा झालेले शुल्कही तपासावे. दुसरे म्हणजे ५ दिवसांची मुदत आणि १०० रुपयांची भरपाई ही देशातल्या व्यवहारांपुरती आहे. भारतीय कार्डाने दुबईत किंवा लंडनमध्ये पैसे काढताना असे झाले तरी तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडेच करायची, पण तिथे आंतरराष्ट्रीय कार्ड कंपनीच्या वाद-नियमांप्रमाणे प्रकरण चालते आणि बराच जास्त वेळ घेते.