पडतं कधी घ्यावं, धरून कधी बसावं

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९२५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये व्यवस्थापकांपुढे एक व्याख्यान दिलं. त्यात त्यांनी दूध उत्पादकांच्या एका सहकारी संघातलं भांडण सांगितलं. दुधाचं केंद्र उतारावर होतं. टेकडीवरून खाली येणारे गवळी म्हणत, आमचे कॅन आधी उतरवून घ्या. चढ चढून येणारे म्हणत, आधी आमचे. एवढ्या कारणावरून संघ फुटायची वेळ आली होती.

या भांडणात पाच वाटा शक्य होत्या आणि कामाच्या ठिकाणच्या जवळपास प्रत्येक वादात त्याच पाच असतात. एका गटाने संख्येच्या किंवा अधिकाराच्या बळावर आपलंच खरं करायचं, ही स्पर्धेची वाट. दुसऱ्याने ‘जाऊ दे, तुम्ही आधी’ म्हणायचं, हे पडतं घेणं. कुणी विषयच काढायचा नाही आणि रोज फलाटापाशी धुसफुस सोसायची, हे टाळणं. एक दिवस यांचा, एक दिवस त्यांचा, ही तडजोड. आणि दोघांना नेमकं काय हवंय ते खणून काढून दोघांचंही पूर्ण भागेल असा मार्ग शोधायचा, हे सहकार्य.

यातली तडजोड सर्वांत न्याय्य वाटते. पंच नेमले असते तर त्यांनी बहुधा तीच सुचवली असती. पण पाळी लावल्यावर रोज अर्धे गवळी ताटकळलेच असते. दोन्ही गटांचा विचार ‘आधी कोण’ या एकाच प्रश्नात अडकला होता. ‘आधी’ची गरजच का पडते, हे कुणी विचारलं नव्हतं. गरज पडत होती ती फलाटाच्या जागेमुळे. बाहेरून सल्ल्यासाठी बोलावलेल्या जाणकाराने फलाटाची जागा बदलायला सांगितली, म्हणजे दोन्ही बाजूंच्या गाड्या एकाच वेळी रिकाम्या होतील. गवळ्यांनी ते लगेच मान्य केलं.

फॉलेटबाईंनी संघर्षाच्या तीन वाटा सांगितल्या होत्या : एकाने दुसऱ्यावर मात करणं, तडजोड आणि दोन्ही इच्छांना एकत्र सामावून घेणं. पुढे रॉबर्ट ब्लेक आणि जेन माउटन यांनी व्यवस्थापकांच्या कार्यशैलीची मांडणी केली. तिच्या आधारावर केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांनी १९७४ मध्ये पाच पद्धतींची चाचणी तयार केली. ती आजही जगभरच्या कंपन्यांच्या प्रशिक्षणात वापरली जाते. तिच्या मुळाशी दोनच प्रश्न आहेत. माणूस स्वतःच्या म्हणण्यासाठी किती आग्रही आहे? आणि समोरच्याचं भागावं म्हणून किती झटतो? दोन्ही भरपूर असेल तर सहकार्य, दोन्ही नसेल तर टाळणं, फक्त पहिलं असेल तर स्पर्धा, फक्त दुसरं असेल तर पडतं घेणं. तडजोड मधोमध बसते.

चाचणीत वाक्यांच्या ३० जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं आपल्याला जास्त लागू पडणारं वाक्य निवडायचं. प्रत्येक पद्धतीला शून्य ते बारा गुण मिळू शकतात. बरोबर उत्तर असं नसतं, कारण चाचणी मोजते ती सवय, तीही माणसाने स्वतःच सांगितलेली. ‘मी तडजोडवाला’ असा शिक्का घेऊन माणूस बाहेर पडला, तर चाचणीचा उपयोगच संपला. उपयोग आहे तो समोरच्या वादासाठी ती सवय सोडावी लागेल का, हे ओळखण्यात.

त्यासाठी काय पाहायचं? चूक झाली तर नुकसान किती आणि कुणाचं, हा पहिला प्रश्न. वेळ किती आहे, हा दुसरा. समोरच्याशी पुढे रोजचं काम आहे का, हा तिसरा. यातला पहिला प्रश्न मागे पडला की काय होतं, याचा सविस्तर पुरावा सरकारी चौकशीत नोंदलेला आहे.

२७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी अमेरिकेत तीन ठिकाणची माणसं दूरध्वनीवरच्या बैठकीत जोडली गेली होती. दुसऱ्या दिवशी ‘चॅलेंजर’ यान उडणार होतं आणि रात्री कडाक्याची थंडी पडणार होती. यानाचे घन इंधनाचे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतल्या रॉजर बॉइजोली आणि इतर अभियंत्यांना जोडांमधल्या रबरी कड्यांची चिंता होती. थंडीत रबर कडक होतं आणि फट वेळेत बंद होत नाही. १२ अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण नको, अशी शिफारस कंपनीने आधी केली. हा आग्रह जागच्या जागी होता.

नासाच्या अधिकाऱ्यांनी त्यावर तीव्र नाराजी दाखवली. मग कंपनीने आपसात बोलायला पाच मिनिटं मागितली. ती चर्चा अर्धा तास चालली. बॉइजोली आणि त्यांचे सहकारी आलेख, छायाचित्रं दाखवत राहिले. कुणी ऐकत नाही हे दिसल्यावर ते थांबले. शेवटचा निर्णय चार व्यवस्थापकांनी घेतला. त्यांच्यातल्या अभियांत्रिकी प्रमुखाला वरिष्ठाने अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची घालायला सांगितलं आणि त्याने मत बदललं. शिफारस फिरवली गेली. सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले.

पडतं घेणं हा दुबळेपणा नाही. आपली चूक असेल, किंवा विषय आपल्यापेक्षा समोरच्याला फार महत्त्वाचा असेल, तर ते शहाणपणाचंच असतं. त्या रात्री यातलं काहीच लागू नव्हतं. नवा पुरावा एकही पुढे आला नव्हता, बदलली होती ती फक्त मोठ्या ग्राहकाची मर्जी. वाद चालू असताना चूक ओळखायची खूण हीच : माझं मत नव्या माहितीने बदललं, की समोरच्याच्या आवाजाने? कंपनीचे फ्लोरिडातले प्रतिनिधी ॲलन मॅकडोनाल्ड यांनी उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला नकार दिला. सही वरिष्ठाने केली. एकट्याचा आग्रह नेहमी जिंकतो असं नाही, पण जीव पणाला असताना तो सोडण्याइतकं योग्य कारण कुठलंच नव्हतं.

सहसा दावं एवढं मोठं नसतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी कार्यालयांत गणपतीच्या रजेवरून रुसवेफुगवे होतात. दोघांनाही कोकणात जायचंय, दोघांनीही पूर्ण आठवडा मागितलाय, साहेब एकालाच सोडू शकतात. सेवाज्येष्ठता पाहून निकाल द्यायचा ही स्पर्धाच. ‘बघू नंतर’ म्हणून अर्ज दाबून ठेवणं हे टाळणं. रागाचा भर ओसरेपर्यंत चार दिवस ते चालतं, त्यापुढे नाही. आधी विचारावं की नेमका कोणता दिवस चुकवून चालणार नाही. एकाच्या घरी मूर्ती तोच बसवतो, म्हणून त्याला चतुर्थीला पोहोचायलाच हवं. दुसरीच्या माहेरी मान गौरीपूजनाचा आहे. असं निघालं तर दोघांची रजा एकामागून एक लागते.

दोघांनाही चतुर्थीच हवी असेल, तर मात्र हलवायला फलाट नाही. प्रत्येक वादात दोघांचं पूर्ण भागत नाही, हे फॉलेटबाईंनाही मान्य होतं. अशा वेळी यंदा एकाने, पुढच्या वर्षी दुसऱ्याने, ही तडजोडच योग्य. ती तोंडी न ठेवता रजेच्या नोंदवहीत दोन्ही वर्षांची नावं घालून लिहावी, नाहीतर पुढच्या भाद्रपदात ‘असं ठरलंच नव्हतं’ म्हणून वाद नव्याने उभा राहतो. आणि हे ठरवायचं ते रेल्वेचं आरक्षण उघडण्याआधी, म्हणजे प्रवासाच्या ६० दिवस अगोदर. एकदा दोघांच्या हातात कोकणकन्येचं तिकीट पडलं की पडतं घ्यायला कुणीच तयार होत नाही.